फिकट व्हिडिओ सुधारताना वेव्हफॉर्म कसा वाचावा

फुटेज लॉगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मुद्दाम फिकट ठेवलेल्या प्रोफाइलमध्ये असेल, तर आधी ते रेक ७०९ या नेहमीच्या व्हिडिओ मानकात आणा. मगच मोजमाप सुरू करा.

हिस्टोग्राम, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत हे दाखवणारा आलेख, एका नजरेत पाहून बाजूला ठेवायचा. डोंगर मधेच गोळा झाला असेल आणि दोन्ही कडा रिकाम्या असतील, तर कॉन्ट्रास्ट कमी आहे. पण तो उजेड कुठे आहे, हे हिस्टोग्राम सांगत नाही. ते वेव्हफॉर्म सांगतो: आडवी जागा चित्रातलीच, डावीकडचं डावीकडे, उंची म्हणजे उजेड, ० ते १००.

आता खरी अडचण. ‘आलेख ० पासून १०० पर्यंत ताणा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मीही वर्षभर तेच करत होतो. एका मुलाखतीत मागे राखाडी भिंत होती, माणसाचे केस काळे, हातात पांढरा कागद. वेव्हफॉर्मवर केस २४ वर, चेहरा ४० वर, भिंत ५५ वर आणि कागदाचा छोटा तुकडा ६४ वर. सर्वांत ठळक पट्टा भिंतीचा, म्हणून मी तोच ९५ पर्यंत नेला. भिंत पांढरीफटक झाली आणि कागद १०० वर सपाट रेघ होऊन बसला. त्यावरची अक्षरं गेली ती गेलीच.

म्हणून आधी स्वतःला विचारा: चित्रात खरोखर काळं काय, खरोखर पांढरं काय? कुठला पट्टा कशाचा हे कळत नसेल, तर चित्र तात्पुरतं क्रॉप करून तेवढाच भाग ठेवा. आलेखात जे उरेल ते त्याचंच. इथे काळे केस गडद भाग हलवणाऱ्या लिफ्टने ४ वर आणले, कागद उजळ भाग हलवणाऱ्या गेनने ९० वर. भिंत आपसूक ७० च्या आसपास गेली. चेहरा मात्र ३८ वरच राहिला, तो मधला उजेड हलवणाऱ्या गॅमाने ५० पर्यंत उचलला. गॅमा हलला की केसही थोडे वर सरकतात, त्यामुळे लिफ्ट पुन्हा खाली घ्यावी लागते. एका फेरीत जमलं, असं मला कधी झालेलं नाही.

चेहऱ्याला ठरावीक आकडा देणाऱ्यांचं ऐकू नका. सावळा चेहरा गोऱ्या चेहऱ्याच्या उंचीवर नेला की तो राखेसारखा दिसतो. धुक्याच्या शॉटमध्ये तर काळं काहीच नसतं. तिथे तळ २० वर राहिला तरी चालतो, ओढून ० वर आणलात तर धुकंच नाहीसं होईल.

शेवटी हिस्टोग्राम पुन्हा उघडा. त्यात कंगव्यासारख्या फटी दिसल्या, तर ८ बिटचं फुटेज तुम्ही फार ताणलंय. आकाशात पट्टे उमटलेत का बघा आणि उमटले असतील तर गेन कमी करा.