ऊसतोडीच्या तोंडावर पाय बघून घ्या: न दुखणारी सूज आणि त्यातून येणारे कण

दिवाळीच्या पुढेमागे कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या शिवारात उतरतात. कोयत्याला धार लागते, उचलीचा हिशेब होतो, बैलांच्या खुरांना पत्री ठोकली जाते. माणसाच्या पायाकडे मात्र कुणी बघत नाही. यंदा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या शेतावर राबणाऱ्या प्रत्येकाचे तळपाय एकदा धुऊन, उजेडात बघा. स्वतःचेही बघा. पायावर एखादी सूज महिनोन्‌महिने हळूहळू वाढत असेल, दुखत नसेल आणि तिला बारीक भोकं पडून लस किंवा पू येत असेल, तर हा सल्ला त्या पायासाठी आहे.

या रोगाला डॉक्टर मायसेटोमा म्हणतात. १८४२ साली मदुराईत याची नोंद झाली, म्हणून ‘मदुरा पाय’ हेही नाव पडलं. पुढे मुंबईत आणि साताऱ्यात नोकरी केलेल्या हेन्री व्हँडाइक कार्टर या ब्रिटिश डॉक्टरने त्यावर बरीच वर्षं काम केलं. म्हणजे आपल्या भागाला हा रोग काही नवा नाही, फक्त त्याचं नाव गावात पोचलेलं नाही. कुणी त्याला हत्तीपाय म्हणतं, कुणी हाडाचा क्षय, कुणी नुसतं ‘काट्याचं दुखणं’. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला.

रोगाचे जंतू मातीत आणि काट्यांवर असतात. बाभळीचा काटा, उसाचा धारदार बुडखा किंवा टोकदार खडा पायात घुसला की ते कातडीखाली जातात. जखम चार दिवसांत भरते आणि माणूस विसरून जातो. गाठ दिसायला काही महिने लागतात, कधी काही वर्षं. म्हणून ‘काटा कधी मोडला होता?’ असं विचारलं, तर निम्म्या लोकांना सांगता येत नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्या माणसाचं ताट वेगळं करायचं किंवा त्याला खोपीबाहेर झोपवायचं काहीच कारण नाही.

आमच्याच शेतावरची गोष्ट सांगतो. वाटेकरी, वय पंचेचाळीसच्या आसपास. बांधावरची बाभूळ तोडताना उजव्या पायाच्या चवड्याखाली काटा मोडला. घरी सुईने काढला, वरून बिब्ब्याचा चटका दिला, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. इंजेक्शन घेतलं ते बरोबरच केलं, पण ते धनुर्वातापुरतं असतं. या रोगाला त्याने अटकाव होत नाही. वर्षभराने तिथे हरभऱ्याएवढी टणक गाठ लागायला लागली. एका दवाखान्यात ती ‘चरबीची गाठ’ म्हणून काढली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला नाही, केराच्या बादलीत गेला. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथे झाली, कारण रोगाचं नाव त्या तुकड्यातच होतं.

आठ महिन्यांनी त्याच जागी पुन्हा सूज आली, आता आधीपेक्षा पसरट. मग एक भोक पडलं, लस आली, भोक बुजलं आणि बोटभर अंतरावर दुसरं उघडलं. दरवेळी पाच दिवसांच्या गोळ्या. गोळ्यांनी ओल कमी व्हायची, सूज तशीच राहायची. मी म्हटलं, कोल्हापूरला दाखवून येऊ. त्यावर त्याचं उत्तर होतं, “आण्णा, दुकत न्हाई काय न्हाई, मग डाक्टराकडं कशाला जायाचं? भांगलण ऱ्हाईलीया.” मी इथे फसलो आणि तुम्हीही फसाल. न दुखणं हे या रोगाचं लक्षणच आहे. वरून दुसऱ्या जंतूंचा पू झाला किंवा रोग हाडात शिरला, की मगच बहुधा ठणका लागतो, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

शेवटी पाटाच्या पाण्यात पाय धुताना त्या लसेत मला पांढुरके कण दिसले, खसखशीपेक्षा बारीक. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला: “यातून रव्यासारखं काही येतं का? रंग कोणता?” सूज, भोकं आणि कण, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मायसेटोमाचा संशय पक्का होतो.

रंगाला एवढं महत्त्व का, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण लवकर निदानाचं सगळं मर्म त्यात आहे. हा रोग दोन अगदी वेगळ्या कुळांचे जंतू करतात. एक बुरशीचं कूळ, दुसरं जिवाणूंचं. उसावरची काणी आणि तांबेरा शेतकऱ्याला लांबून ओळखता येतो, पण पायावरचे हे दोन प्रकार बाहेरून जवळपास सारखे दिसतात. औषधं मात्र पूर्ण निराळी. बुरशीवर जिवाणूंचं औषध वर्षभर घेतलं तरी उपयोग शून्य, आणि उलटंही तसंच. काळे, मोहरीच्या फुटलेल्या दाण्यासारखे कण आले तर बहुधा बुरशी. लालसर, नाचणीच्या रंगाचे आले तर बहुधा जिवाणू. पांढरे-पिवळे दोन्हींत येतात, तिथे नजरेवर भरवसा ठेवू नये.

कण मिळवायची एक सोपी रीत डॉक्टरांनी सांगितली. रात्री पाय साबणाने धुवायचा, भोकांवर कोरडं निर्जंतुक गॉज बांधायचं, मलम, हळद काहीही लावायचं नाही. सकाळी गॉज सोडलं की त्यावर कण चिकटलेले असतात. ते गॉज स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. भोक पिळून कण काढू नका, आणि घरच्या सुईने तर मुळीच उकरू नका.

कणांवर भागलं नाही तर भूल देऊन आतला खोल तुकडा घेतात. वरवरची लस तपासली तर बऱ्याचदा बाहेरून शिरलेले दुसरेच जंतू सापडतात आणि उपचार भलतीकडे जातो. तुकड्याचे दोन भाग व्हावे लागतात. एक फॉर्मॅलिनमध्ये जातो, त्याच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुसरा सलाइनमध्ये जातो, त्यातून जंतू वाढवून पाहतात. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर जंतू मरतात आणि कल्चर उगवत नाही. तुकडा घेण्याआधी “कल्चरसाठी वेगळा ठेवणार ना?” एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. कल्चरला काही आठवडे लागू शकतात, म्हणून महिनाभर काही कळलं नाही तरी तपासणी अर्धी सोडू नका. सोबत पायाचा एक्स-रे होतो. सुरुवातीला तो अगदी चांगला दिसतो, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं धरू नये.

आमच्या वाटेकऱ्याला जिवाणूंचा प्रकार निघाला आणि हाड शाबूत होतं. त्याला अमिकासिनची इंजेक्शनं तीन आठवडे आणि कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या पुढे काही महिने चालल्या. अमिकासिनने कानाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून सुरू करण्याआधी आणि मधून मधून रक्त व ऐकू येण्याची तपासणी झाली. कानात आवाज यायला लागला, लघवी कमी झाली किंवा गोळ्यांनी अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी सांगायचं, असं बजावलं होतं. सूज उतरली, भोकं बुजली. पण भोकं बुजली म्हणजे रोग गेला असं नव्हे. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात आणि नंतरही तपासणीला जावं लागतं.

बुरशीचा प्रकार जास्त चिवट. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियाही. गाठ लहान, एका जागी आवरलेली असेल तर औषध देऊन ती आवरणासकट पूर्ण काढता येते. हाडांत पसरल्यावर ती पुनःपुन्हा उलटते आणि काहींना पाय गमवावा लागतो. लवकर जाण्याचा फायदा इथेच आहे. या कॅप्सूल जेवणासोबत घ्यायच्या असतात, आणि पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण पोटातली आम्लता कमी झाली की औषध नीट शोषलं जात नाही. यकृताची तपासणीही ठरावीक काळाने करावी लागते.

टोळीतल्या मजुरांची अडचण वेगळी. इथे पाच-सहा महिने, मग गावी, पुढच्या साली दुसरा कारखाना. एवढ्या लांबच्या उपचाराला ते जमत नाही. म्हणून तपासणी हंगामाच्या सुरुवातीलाच करा, शेवटी नाही. निदान झालं तर सगळे कागद आणि एक्स-रे मजुराच्या हातात द्या, आणि गावाकडच्या सरकारी रुग्णालयाच्या नावाने डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नका, नाहीतर तो जाणारच नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

राहिला प्रश्न पायताणाचा. चपलेने जगात नाव काढलेल्या जिल्ह्यात शेतात मात्र निम्मे पाय अनवाणी असतात. तशी कोल्हापुरी चप्पलही या कामाची नव्हे, बाजूने उघडी असते आणि ओली झाली की संपली. तोडणीला, पाचट गोळा करायला आणि काटेरी कुंपण छाटायला जाड तळाचे, बंद बूट हवेत. भाताच्या चिखलात बूट रुततो, हे मलाही कळतं. पाटाचं पाणी धरतानाही कुणी बूट घालत नाही. अशा कामानंतर निदान साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांतून पुसून कोरडे करा आणि रुतलेला काटा त्याच दिवशी स्वच्छ चिमट्याने पूर्ण काढा. तुकडा आत मोडला असेल तर घरी कोरत बसू नका, आरोग्य केंद्रात काढून घ्या. बांधावर तोडलेली बाभूळ पायवाटेत पसरून ठेवायची सवयही सोडा. आमच्या वाटेकऱ्याला तो काटा तसल्याच पसाऱ्यात लागला होता, आणि तो पसारा मीच करायला सांगितला होता.