विखुरलेल्या नोंदींतून क्षेत्रभेटीचा अहवाल: पाषाण तलावाच्या भेटीवरून

पर्यावरण विषयाच्या अभ्यासक्रमात आमच्या गटाला पुण्यातील पाषाण तलावाची क्षेत्रभेट मिळाली होती. परतल्यावर अहवाल एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हाताशी चार वह्यांतली अर्धवट वाक्ये, ग्रुपवर टाकलेली छायाचित्रे आणि तलावाकाठी भेटलेल्या माणसांशी झालेल्या बोलण्याच्या काही ओळी एवढेच होते. अशा वेळी बहुतेक जण प्रस्तावना लिहायला बसतात आणि तलावाचा इतिहास, पाण्याचे महत्त्व यांत दोन पाने संपवतात. माझा अनुभव असा, की प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी आणि सुरुवात एका नोंदतक्त्याने करावी, कारण पुढचे सगळे प्रकरण त्या तक्त्यावर उभे राहते.

तक्त्यात प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यावा आणि वेळ, नेमकी जागा, काय दिसले, संबंधित छायाचित्र कोणते आणि ही माहिती कशी मिळाली, हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. त्यात ‘पाहिले’, ‘मोजले’ किंवा ‘ऐकले’ यांपैकी एकच शब्द येतो. आमच्या वहीत ‘पावसाळ्यात जलपर्णी वाहून जाते’ असे एक वाक्य होते. ते रोज सकाळी फिरायला येणाऱ्या एका काकांनी सांगितले होते, आमच्यापैकी कोणी ते पाहिले नव्हते. तक्त्यात ती नोंद ‘ऐकले, नियमित फिरायला येणारे गृहस्थ’ अशी गेली आणि अहवालातही ती त्यांचे सांगणे म्हणूनच राहिली. माणसाचे नाव लिहू नये. तो तलावाशी कोणत्या नात्याने येतो, एवढे पुरे.

छायाचित्रांची वेळ लावताना एक तांत्रिक अडचण येते. फोनच्या कॅमेऱ्यातील फाइलला अनेकदा `IMG_20240817_074012.jpg` असे नाव असते, म्हणजे तारीख आणि त्यापुढे ७ वाजून ४० मिनिटे १२ सेकंद. तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले, की ते `IMG-20240817-WA0012.jpg` होते. नावातली वेळ जाते, फाइलच्या आत साठवलेली वेळ आणि स्थळाची माहितीही निघून जाते, आणि चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून मित्रांकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवावी, आणि तीही भेटीनंतर लगेच, कारण फोनमधली जागा भरली की लोक मूळ चित्रे पुसून टाकतात. मूळ फाइल मिळाली नाही, तर त्या छायाचित्रासमोर वेळ अंदाजाने लिहू नये; रकाना कोरा सोडावा.

वेळेवर एवढा भर देण्याचे कारण आमच्याच तक्त्यात सापडले. रामनदी बावधनकडून येऊन तलावाला मिळते, त्या तोंडाशी सकाळी ७.४० च्या छायाचित्रात जलपर्णीचा दाट थर होता. वास येतो, पाणी करडे आहे आणि फेस आहे, असेही वहीत होते. सांडपाणी येथून येते आणि त्यातील नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते, म्हणून ती येथेच दाट आहे, असा निष्कर्ष गटातल्या सर्वांना मान्य होता. पण वेळेनुसार चित्रे लावली तेव्हा त्याच जागेच्या ९.५० च्या चित्रात बरेच पाणी मोकळे दिसले आणि तलावाच्या भिंतीच्या बाजूच्या चित्रात थर वाढलेला दिसला. दुसऱ्या एका वहीत, त्याच सुमारास, ‘वारा सुटला’ एवढेच दोन शब्द होते. काठाला न अडकलेली जलपर्णी तरंगत असते आणि वाऱ्याने सरकते. त्यामुळे ती एका वेळी कोठे साचली आहे, यावरून सांडपाणी कोठून येते हे सांगता येत नाही. फेस आणि वास मात्र दोन्ही वेळी नदीच्या तोंडाशीच नोंदले गेले होते.

निरीक्षणे आणि विश्लेषण वेगळ्या प्रकरणांत का ठेवायची, हे मला या उदाहरणाने पटले. निरीक्षणात ‘७.४० वाजता तोंडाशी दाट थर, ९.५० वाजता तेथे मोकळे पाणी’ एवढेच लिहायचे. ‘प्रदूषित’, ‘भयानक’, ‘दुर्लक्षित’ हे शब्द तेथे येऊ द्यायचे नाहीत. विश्लेषणात त्या नोंदींचा एकमेकींशी संबंध लावायचा आणि प्रत्येक वाक्यामागे नोंदीचा क्रमांक कंसात द्यायचा. आमचे विश्लेषण असे झाले, की फेस व वास यांवरून नदीच्या प्रवाहासोबत सांडपाणी येत असण्याची शक्यता दिसते, मात्र जलपर्णीच्या जागेवरून तिला दुजोरा मिळत नाही, आणि पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी न केल्यामुळे फॉस्फेट किंवा विरघळलेल्या प्राणवायूविषयी काहीही म्हणता येत नाही. ही मर्यादा त्याच परिच्छेदात लिहावी. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा तेथूनच येतो आणि अहवालातच उत्तर असेल, तर सांगणे सोपे जाते.

उद्दिष्टे या टप्प्यावर पुन्हा वाचावीत. आमचे मूळ उद्दिष्ट ‘तलावाच्या प्रदूषणाचा अभ्यास करणे’ असे होते. एका सकाळच्या भेटीत, कोणतेही नमुने न घेता ते पूर्ण होणे शक्य नव्हते. ते आम्ही ‘रामनदीचे तोंड आणि तलावाची भिंत या दोन ठिकाणी पाण्याचा रंग, वास आणि जलपर्णीचे आच्छादन यांची एका सकाळपुरती तुलना करणे’ असे आटोपशीर केले, आणि भेटीनंतर उद्दिष्टाची व्याप्ती कमी केली आहे, हे पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात नोंदवले. ते वाक्य गाळले, तर उद्दिष्टे सुरुवातीपासून अशीच होती असा वाचकाचा समज होतो, आणि तो खरा नसतो.

शिफारशींच्या पानावर विद्यार्थ्यांचे अहवाल सर्वाधिक कमकुवत ठरतात, असे मला वाटते. ‘जनजागृती करावी’, ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही वाक्ये कोणत्याही तलावाला लागू पडतात. शिफारशीत कोणी, काय, कोठे करायचे आणि ती कोणत्या नोंदीवर आधारलेली आहे, हे यायला हवे. आमच्या एका छायाचित्रात काढलेल्या जलपर्णीचा ढीग पाण्यापासून काही पावलांवर पडलेला होता आणि ढिगाखालून काळसर ओघळ तलावाकडे गेला होता. शेजारी ठेवलेल्या वहीमुळे अंतराचा अंदाज येत होता. ढीग कुजतो, तेव्हा त्यातील पोषकद्रव्ये ओघळाबरोबर पुन्हा पाण्यात जातात आणि उरलेल्या जलपर्णीला तीच खाद्य होतात. अनुकूल परिस्थितीत ही वनस्पती दोन आठवड्यांच्या आसपास दुपटीने पसरू शकते, त्यामुळे काढण्याचे श्रम लवकर वाया जातात. यावरून शिफारस निघाली: महानगरपालिकेने जलपर्णी काढण्याच्या कामाच्या अटींत ढीग त्याच दिवशी काठावरून हलवण्याची आणि खतासाठी दूर नेण्याची अट घालावी. सांडपाणी रोखण्याविषयीची शिफारस आम्ही सशर्त लिहिली, म्हणजे आधी तोंडाशी आणि भिंतीशी एकाच वेळी पाण्याचे नमुने घ्यावेत, आणि त्याचा निकाल पाहून पुढचे ठरवावे.

छायाचित्रे निवडताना सुंदर सूर्योदय बाजूला ठेवावा लागतो. ज्या चित्राचा उल्लेख मजकुरात येत नाही, ते अहवालात नको. प्रत्येक चित्राखाली नोंदक्रमांक, जागा, वेळ आणि वाचकाने चित्रात नेमके काय पाहायचे ते एका ओळीत लिहावे, उदाहरणार्थ ‘नोंद १४, काठावरील ढीग, स. ९.१५, डावीकडे खाली काळसर ओघळ’. फिरायला आलेल्या माणसांचे चेहरे ओळखू येत असतील, तर ते झाकावेत किंवा चित्र कापून घ्यावे. उरलेली सर्व मूळ छायाचित्रे नोंदतक्त्यासह एका फोल्डरमध्ये ठेवून मार्गदर्शकांना दाखवण्यासाठी तयार ठेवावीत.