भात-गोडाच्या जेवणानंतर साखर कशी चढते: ग्लुकोमीटरने घरी तुलना करताना

ग्लुकोमीटर वापरता येतो असं धरून चालतो. एक दिवस भात आणि गोडाचं जेवण, दुसऱ्या दिवशी तेवढाच भात पण सोबत भरपूर तंतू आणि प्रथिनं. दोन्ही दिवशी जेवणाची वेळ एकच ठेवा. जेवणाआधी निदान चार तास काही खाऊ नका आणि जेवल्यावर चालायला जाऊ नका, कारण चालण्यानेही साखर उतरते आणि मग श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

भात वजनकाट्यावर मोजा. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. दुसऱ्या दिवशी भात निम्मा केलात तर साखर कमी चढणारच, त्यात तंतूंचं काम दिसत नाही.

आता खरी अडचण, म्हणजे सुई कधी टोचायची. 'जेवणानंतर दोन तासांनी बघा' हा सल्ला रोजच्या देखरेखीला ठीक आहे, पण दोन जेवणांची तुलना करायला तो कुचकामी आहे. मी स्वतः यात फसलो आहे. माझी साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे, गोळ्या चालू नाहीत. पहिल्या खेपेला मी दोन्ही दिवशी फक्त दोन तासांचा आकडा घेतला. दोन्ही जवळपास सारखेच आले. डाळी-भाज्यांनी काही फरक पडत नाही असं मी ठरवून टाकलं आणि कित्येक महिने तसंच जेवत राहिलो.

नंतर नीट मोजलं. पहिल्या दिवशी २०० ग्रॅम भात आणि वाटीभर गोड. जेवणाआधी ११२, अर्ध्या तासाने १५८, तासाने २०४, दीड तासाने १८९, दोन तासांनी १५१, तीन तासांनी १०८. दुसऱ्या दिवशी तोच २०० ग्रॅम भात, पण त्याआधी वाटीभर शिजवलेली मसूर, दोन उकडलेली अंडी आणि काकडी-गाजर. आकडे आले १०९, १२६, १५२, १६१, १५४ आणि १३१. दोन तासांचे आकडे बघा, १५१ आणि १५४. एक साखर वेगाने खाली येत होती आणि दुसरी नुकतीच माथ्यावरून उतरायला लागली होती. दोघींची गाठ योगायोगाने तिथे पडली. मधल्या तासात मात्र पन्नासाचा फरक होता.

असं होतं, कारण नुसत्या भाताचा स्टार्च पोटातून लहान आतड्यात लवकर उतरतो आणि झटकन ग्लुकोज बनतो. गोडातल्या साखरेची त्यात भर पडते. डाळीतले विरघळणारे तंतू घट्ट, बुळबुळीत होऊन हा प्रवास मंदावतात. प्रथिनांमुळेही पोट सावकाश रिकामं होतं, शिवाय इन्सुलिनला थोडी चालना मिळते. म्हणून माथा बुटका आणि उशिरा येतो, आणि शेपूट लांबते. तिसऱ्या तासाचा १३१ पाहून घाबरू नका. मसुरीत कर्बोदकं असतातच, ती सावकाश येत असतात.

तेव्हा घड्याळ पहिल्या घासाला सुरू करा, शेवटच्या नाही. जेवण कधी पंधरा मिनिटांत आटोपतं, कधी चाळीस, आणि शेवटापासून मोजलंत तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळवताच येत नाहीत. सहा पट्ट्या परवडत नसतील तर जेवणाआधी, एक तास आणि दोन तास एवढं तरी घ्याच. एका तासाचा आकडा सोडू नका.

दर वेळी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गोडाचा अंश राहिला तर आकडा खोटा चढतो. मला एकदा अचानक २६० दिसले, हात धुऊन पुन्हा टोचलं तर १७०.

सुरुवातीच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर तो दिवस बाद करा. चांगल्या मीटरचा आकडाही प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, त्यामुळे दहा-पंधराच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. प्रत्येक जेवण निदान दोनदा मोजा. माझा पन्नासाचा फरक दुसऱ्या खेपेलाही जवळपास तेवढाच आला, तेव्हाच मी तो मानला.

जेवणाआधी इन्सुलिन घेत असाल, किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. औषधाचा जोर आधी येतो आणि मंद जेवणाची साखर मागून येते. मधल्या वेळात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच मोजा, ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी घ्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा.