पंखा मंदावतो, म्हणून त्वरण उणेच का?

इंदूरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या अकरावीच्या मुलांना मी डोक्यावरच्या पंख्याचंच गणित देते. वेग 300 आरपीएम, बटण बंद केल्यावर 20 सेकंदांत थांबला. मंदन एकसारखं धरा.

आधी 300 ला 2π ने गुणून 60 ने भागा: 31.4 रेडियन प्रति सेकंद, हा कोनीय वेग ω. अंशांत ठेवलंत तर 1800 येतात, आणि v = rω मध्ये 0.6 मीटर त्रिज्या घातली की पात्याचं टोक सेकंदाला 1080 मीटर पळतं. म्हणजे आवाजापेक्षाही जोरात! खरं उत्तर सुमारे 19 मीटर.

खरी गफलत चिन्हाची. खालून पाहताना पंखा घड्याळाच्या उलट फिरतो, वरून पाहिलं तर घड्याळाप्रमाणे. म्हणून कुठून पाहताय ते आधी लिहा. समजा, वरून पाहतोय आणि घड्याळाची दिशा उणे धरली; मग सुरुवातीचा वेग ω₀ = −31.4. मुलं 31.4 ला 20 ने भागून सवयीने कोनीय त्वरण α = −1.57 लिहितात. त्याने 20 सेकंदांनी वेग −62.8 होतो, पंखा दुप्पट जोरात! वेग कमी होताना α चं चिन्ह ω च्या विरुद्ध असतं, म्हणून इथे +1.57.

मग फिरलेला कोन θ = ω₀t + ½αt² = −628 + 314 = −314 रेडियन, म्हणजे 50 फेरे. सरासरी 150 आरपीएमने वीस सेकंदांत 50 च होतात.