चलनाचा संदेश आला तर आधी हे पाहा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधील वाहनधारकाला दंडाचा संदेश आल्यास त्यातील दुव्यावर बोट न ठेवता ब्राउझरमध्ये mahatrafficechallan.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करावा आणि वाहन क्रमांकासोबत आरसी पुस्तकातील चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे 4 अंक भरावेत. चलन खरे असेल तर ते तेथे दिसते. समजा, MH-19 क्रमांकाची तुमची दुचाकी त्या दिवशी चोपड्यातच होती आणि छायाचित्रात पुण्यातील चारचाकी दिसते आहे, तर क्रमांक चुकीचा वाचला गेला असण्याची किंवा कोणी तुमच्या क्रमांकाची बनावट पाटी लावल्याची शक्यता असते; तेव्हा पैसे न भरता तक्रार नोंदवावी. संदेशासोबत एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आली असेल, तर ती मुळीच उघडू नये, आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवावे.