तुटक शिरोरेषा आणि ‘अ भंग’

हस्तलिखित ओळीच्या प्रतिमेतले शब्द कोडने वेगळे करताना ‘अभंग’चे ‘अ’ आणि ‘भंग’ असे दोन तुकडे पडत होते. भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ मुळातच तुटते. घाईत लिहिताना ती फट आणखी रुंदावते. आधी आडवं क्लोजिंग करून पाहिलं, पण रेघेचे तुकडे वरखाली असले की ते जुळेनात. मग पांढरी शाई, काळा कागद अशी उलटी प्रतिमा घेऊन फक्त शिरोरेषेचा पट्टा कापला आणि त्यातली शाई एका ओळीत गोळा केली:

```
p = band.any(axis=0)
```

`p` मधल्या, अक्षराच्या निम्म्या रुंदीहून अरुंद फटी बुजवल्या, ‘अभंग’ सांधला. दाटीवाटीने लिहिणाऱ्यांचे शब्द मात्र यात चिकटतात. तिथे मर्यादा त्याच ओळीतल्या फटी मोजून ठरवतो. रेघच न ओढणाऱ्यांसाठी पट्टा सोडून अख्ख्या ओळीच्या उंचीवर फटी मोजाव्या लागतात.