फिनॉमिना, कॅक्टाय, इंडायसीज: इंग्रजी अनेकवचनांतल्या या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दर वर्षी प्रबंधांच्या कच्च्या प्रती भाषा तपासण्यासाठी येतात. लिहिणारी मुले बहुतेक मराठी घरांतली, गुजराती शेजारात वाढलेली आणि इंग्रजीतून शिकलेली असतात. त्यांच्या लेखनात मला सर्वांत जास्त वेळा पेन्सिल टेकवावी लागते ती अवघड शास्त्रीय शब्दांपाशी नव्हे, तर ‘फिनॉमिना’ आणि ‘क्रायटेरिया’ या दोन शब्दांपाशी.

वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने असे वाक्य लिहिले होते: ‘धिस फिनॉमिना वॉज सीन इन ऑल कॅक्टाय, अँड द मेन क्रायटेरिया फॉर सिलेक्शन वॉज स्टेम डायमीटर.’ तिची शंका फक्त ‘कॅक्टाय’बद्दल होती, तिथे ‘कॅक्टसेस’ हवे का, असे तिने समासात विचारले होते. वास्तविक त्या वाक्यात बिनचूक असलेला शब्द तोच होता आणि चुका उरलेल्या दोन शब्दांत होत्या.

‘फिनॉमिना’ आणि ‘क्रायटेरिया’ ही दोन्ही अनेकवचने आहेत. त्यांची एकवचने ‘फिनॉमिनन’ आणि ‘क्रायटेरियन’. हे शब्द ग्रीकमधून आले आणि येताना आपले अनेकवचनही घेऊन आले. त्यामुळे त्यांच्यामागे ‘धिस’ आणि पुढे ‘वॉज’ बसत नाही. दुरुस्तीपूर्वी एकच प्रश्न विचारायचा असतो, तो म्हणजे आपण मोजतो आहोत ती गोष्ट एक आहे की अनेक. या विद्यार्थिनीने खोडाच्या कडेने उभ्या भेगा पडण्याची एकच घटना नोंदवली होती, म्हणून तिथे ‘धिस फिनॉमिनन वॉज’ झाले. निवडीचा मुख्य निकषही खोडाचा व्यास हा एकच होता, म्हणून ‘द मेन क्रायटेरियन वॉज’. पुढच्या प्रकरणात तिने निवडीचे चार निकष सांगितले होते आणि तिथे ‘द क्रायटेरिया वेअर’ हेच योग्य होते.

ही चूक मराठी माणसाकडून इतक्या सहजपणे होते, याचे कारण मला आपल्या कानात दिसते. घोडा, दरवाजा, आंबा असे आकारान्त शब्द आपल्याला एकवचनी वाटतात, कारण त्यांची अनेकवचने घोडे, दरवाजे, आंबे अशी एकारान्त होतात. शिवाय ‘क्रायटेरिया काय ठरला?’ असे आपण मराठीतही एकवचनीच बोलतो. मात्र बडोदेकरांच्या जवळ यावर एक उपाय आहे. गुजरातीत ‘छोकरो’ एक आणि ‘छोकरा’ अनेक. ‘छोकरुं’ एक आणि ‘छोकरां’ अनेक. फिनॉमिनन–फिनॉमिना आणि बॅक्टेरियम–बॅक्टेरिया या जोड्या मराठी कानाने न ऐकता गुजराती कानाने ऐकल्या, तर शेवटचा ‘आ’ अनेकवचनाचा आहे हे लगेच जाणवते. (वैदिक संस्कृतातही ‘युगम्’चे अनेकवचन ‘युगा’ असे आढळते, लॅटिन-ग्रीकमधला नपुंसकलिंगी ‘आ’ त्याच कुळातला आहे.)

‘डेटा इज’ चालते, मग ‘क्रायटेरिया इज’ का नाही, असे विद्यार्थी विचारतात आणि हा प्रश्न रास्त आहे. ‘डेटा’ हा शब्द इंग्रजीत आता पाणी किंवा साखर यांसारखा न मोजता येणारा, समूहवाचक म्हणून रुळला आहे, त्यामुळे एकवचनी क्रियापद बहुतेक ठिकाणी मान्य होते. काही शास्त्रीय नियतकालिके मात्र अजूनही अनेकवचनाचाच आग्रह धरतात. निकष आणि घटना या मोजण्याच्याच गोष्टी आहेत, म्हणून त्यांना ही सवलत मिळालेली नाही.

मग नेहमीचा ‘एस’ लावून ‘फिनॉमिनन्स’ म्हणता येईल का? कोशांत हे रूप आहे, पण ते मुख्यतः असामान्य व्यक्ती किंवा विलक्षण गोष्टी यांच्यासाठी वापरतात; निसर्गातल्या घटनांसाठी ‘फिनॉमिना’च लिहावे. ‘क्रायटेरियन्स’ क्वचित दिसते, पण परीक्षकाला ते खटकेल, म्हणून मी ते बदलतो. ‘फिनॉमिनाज’ आणि ‘क्रायटेरियाज’ ही मात्र अनेकवचनाची पुन्हा केलेली अनेकवचने आहेत आणि ती कुठेच चालत नाहीत. उलट बाजूने, ‘ऑन’ने संपणारा प्रत्येक शब्द या वाटेने जात नाही: इलेक्ट्रॉनचे इलेक्ट्रॉन्सच होते.

आता तिच्या कॅक्टसकडे वळू. ‘कॅक्टाय’ आणि ‘कॅक्टसेस’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. वनस्पतिशास्त्रात पहिले अधिक दिसते, आणि एका प्रबंधात एकच रूप शेवटपर्यंत ठेवले म्हणजे पुरे. खरा धोका पुढे आहे. ‘कॅक्टाय’ची गोडी लागलेला विद्यार्थी ‘अस’ने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाला ‘आय’ लावू लागतो आणि ‘व्हायराय’, ‘स्टेटाय’, ‘प्रॉस्पेक्टाय’ अशी रूपे जन्माला येतात. लॅटिनमध्ये ‘अस’ने संपणारे सगळे शब्द एका गटातले नाहीत. ‘स्टेटस’ आणि ‘प्रॉस्पेक्टस’ यांच्या गटात ‘आय’ हा प्रत्यय अनेकवचनाला लागतच नव्हता. ‘ऑक्टोपस’ मुळात ग्रीक. ‘जीनस’चे ‘जेनेरा’ होते आणि ‘कॉर्पस’चे ‘कॉर्पोरा’. म्हणून खात्री नसेल तेव्हा व्हायरसेस, स्टेटसेस, ऑक्टोपसेस असे साधे रूप लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही. ‘स्टिम्युलस’चे ‘स्टिम्युलाय’ आणि ‘ॲल्युमनस’चे ‘ॲल्युमनाय’ ही रूपे मात्र पाठच करावी लागतात, कारण तिथे साधे रूप रुळलेले नाही. स्वतःच्या परिचयात ‘आय ॲम ॲन ॲल्युमनाय’ लिहिणे म्हणजे ‘मी एक माजी विद्यार्थी आहोत’ असे म्हणणे होय. पुरुषाने ‘ॲल्युमनस’ आणि स्त्रीने ‘ॲल्युमना’ लिहावे.

‘इंडेक्स’चा निकाल अर्थावर लागतो. गणितातले घातांक आणि किमतींचे किंवा शेअर बाजाराचे निर्देशांक यांना ‘इंडायसीज’ म्हणतात, जरी अमेरिकी लेखनात निर्देशांकांसाठी ‘इंडेक्सेस’ही चालते, पुस्तकांच्या शेवटच्या सूची मात्र ‘इंडेक्सेस’. संगणकात तर दोन्ही रूपे आहेत आणि तिथे आपली आवड चालत नाही. मायएसक्यूएलमध्ये पहिली आज्ञा चालते, इलास्टिकसर्चमध्ये दुसरी:

```
SHOW INDEXES FROM plants;
GET /_cat/indices
```

पहिलीत `INDICES` लिहिले तर व्याकरणदोषाचा संदेश येतो.

या शब्दांत उलटी चूकही होते. ‘इंडायसीज’ आणि ‘मॅट्रिसीज’ वारंवार ऐकून काही जण त्यांतला शेवटचा ‘एस’ काढतात आणि ‘वन इंडायसी’, ‘अ मॅट्रिसी’ असे लिहितात. एकवचन इंडेक्स आणि मॅट्रिक्स हेच. ‘अपेंडिक्स’चेही असेच आहे: प्रबंधाची परिशिष्टे म्हणजे ‘अपेंडिसीज’, पण शस्त्रक्रियेने काढलेल्या आंत्रपुच्छांबद्दल डॉक्टर ‘अपेंडिक्सेस’ लिहितात.

प्रत सादर करण्यापूर्वी संगणकाच्या शोधपट्टीत फिनॉमिना आणि क्रायटेरिया हे दोन शब्द इंग्रजीत टाकून प्रत्येक ठिकाणी थांबावे आणि आधीचा शब्द व पुढचे क्रियापद पाहावे. शुद्धलेखन तपासणारी सोय इथे भरवशाची नाही, कारण शब्दाचे स्पेलिंग बरोबरच असते. आधी ‘धिस’, ‘अ’ किंवा ‘वन’ असेल, अथवा पुढे ‘इज’ किंवा ‘वॉज’ असेल, तर तिथे बहुधा चूक आहे. त्या विद्यार्थिनीने हे माझ्यासमोर बसून केले, तेव्हा अर्ध्या तासात तिला अशी अकरा ठिकाणे सापडली. ‘कॅक्टाय’ मात्र तिने तसेच ठेवले.